त्या रविवारी दोरावर कोण होतं

"भाग? खंयचो भाग होतो ता माका विचारतंस? मिया थंय बगूक बसललंय?"

"नाही आजी, साधारण सांगा. अयोध्येतला, वनवासातला, की लंकेतला?"

"जळली ती लंका! बाजूक हो आदी. माज्या बांगड्यांच्या उन्हात उभो रवलंस."

कौस्तुभ बाजूला सरला. हातातला कॅमेरा मात्र त्याने खाली केला नाही. मथुरा उकिडवी बसून विळीवर बांगडे चिरत होती. पाठीकडून चीर, आतली घाण बोटाने बाहेर, मूठभर मीठ आत, की बांगडा टबात. चार टब भरायचे होते आणि ऊन चढत होतं. अशा वेळी कोणी मालिकेतला भाग विचारायला आला तर त्याला शिवी मिळते. कौस्तुभला ती कमीच मिळाली, कारण तो मुंबईत वाढलेला होता आणि भाईंचा नातू होता. दोन्हीत त्याचा स्वतःचा दोष काही नव्हता.

भाई म्हणजे वाडीतले जुने दुकानदार. तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची ही वाडी, आणि वाडीत पहिला टीव्ही आला तो भाईंच्या ओटीवर. आता भाई ऐंशीच्या पुढे गेलेत, दुकानाच्या जागी पर्यटकांच्या खोल्या आहेत, आणि तो जुना लाकडी पेटीचा टीव्ही माळ्यावरून खाली आलाय. येत्या रविवारी सातेरी देवीच्या मांडावर, देवळापुढच्या मोकळ्या जागेत, त्याला हार घालायचा होता. गावाची आठवण म्हणून कार्यक्रम, त्यात कौस्तुभची फिल्म. मुंबईकर मंडळाने बॅनरसुद्धा छापून घेतला होता.

"आजी, तुम्हाला कल्पना नाही केवढी गोष्ट होती ही," कौस्तुभ उत्साहाने सांगायला लागला. "मूळ बावन्न भाग ठरले होते, लोकांनी ते अठ्ठ्याहत्तरवर नेले. रविवारी साडेनऊ वाजले की देशभर रस्ते ओस. लोक टीव्हीला हार घालायचे, चपला बाहेर काढायचे. आणि गंमत म्हणजे, रामाचं काम केलं त्यांना आधी नापास केलं होतं, मग ते हसले आणि पास झाले म्हणतात. हनुमान झाले ते खरे पैलवान. आणि रावण झाले ना, ते म्हणे केवटाचं काम मागायला गेले होते."

"केवट म्हणजे तो होडयेवालो?"

"हो. रामाला गंगेपार नेणारा."

"बरां झाला नाय मिळाला तेका ता काम," मथुरा म्हणाली. "होडयेवाल्याक कोण इचारता? काम झाला की पाय धुवन मोकळे."

कौस्तुभ हसला. त्याला वाटलं आजी खुलली. त्या भरात त्याने मोबाइल काढून आपण लिहिलेलं निवेदन वाचून दाखवलं. चांगल्या आवाजात, थांबत थांबत वाचलं.

"'रामायणाच्या वेळेला या वाडीतला एकही माणूस दर्याकडे फिरकत नसे. फक्त एकदा, एक जण देवाची वेळ मोडून एकटाच पाण्यात गेला. तो परत आला नाही.'"

विळीवरचा हात थांबला.

"तो एक जाण म्हणजे कोण?"

"शिवा आजोबा. तुमचे..." कौस्तुभचा आवाज उतरला. "आजोबांनी सांगितलं. सगळेच सांगतात तसं. नाव नाही घेतलंय मी. भक्तीची ताकद दाखवायचीय, आजी. तुम्ही फक्त दर्याकडे बघत उभ्या राहायचं. बोलायचंही नाही."

"बोलूचाय नाय."

"नाही."

"चल, चालू पड हयसून," मथुरा उठली. तिच्या हातात बांगडा होता आणि बांगड्यात मीठ. "तुज्या आजयाक सांग, आयतवारी मिया येतंय. उभी रवाक नाय. बोलाक."

*

आता रापण म्हणजे काय ते ज्याने ओढली नाही त्याला सांगावं लागतं. होडी जाळं घेऊन पाण्यात जाते आणि अर्धं कडं घालत परत किनाऱ्याला येते. जाळ्याचे दोन दोर दोन बाजूंना वाळूवर. मग वाडीतली माणसं, बाया, म्हातारे, कोण असेल तो, दोन्ही दोरांना लागतात आणि मागे मागे चालत ओढतात. मधल्या पिशवीत मासळी जमत जाते. ज्याचा हात दोराला, त्याचा वाटा मासळीत. आणि नियम एकच: दोर हातात घेतला की पिशवी वाळूवर लागेपर्यंत सोडायचा नाही. बाप मेला असं कोणी सांगत आलं तरी नाही. कारण एक बाजू ढिली पडली की जाळं वाकडं होतं, आणि जाळ्यामागून पोहत पिशवी सांभाळत येणारा माणूस जाळ्याच्या मर्जीवर जातो.

पोहणारा तो माणूस शिवा होता. त्याच्याइतका पोहणारा त्या काळी रेडीपासून इथपर्यंत दुसरा नव्हता, असं लोक म्हणायचे. मेल्यावर म्हणायचे बंद झाले.

थंडीचे दिवस होते, वार रविवार. सकाळी सकाळी पाण्यावर काळपट डाग दिसला, बांगडाच बांगडा. हाका गेल्या, होडी उतरली, जाळं पडलं. उत्तरेच्या दोरावर बापये, दक्षिणेच्या दोरावर बाया आणि दोन म्हातारे. मथुरा दक्षिणेला होती. सगळं नीट चाललं असतं तर नऊपर्यंत पिशवी वाळूवर यायची. पण ओहोटीची ओढ लागली, जाळं जड झालं, आणि साडेनऊ व्हायला आले.

त्या काळी टीव्हीवर रामायण लागायचं म्हणजे काय, हे आज सांगून पटत नाही. भाईंच्या पत्र्यावर बांबूला बांधलेला अँटेना पणजीकडे तोंड करून उभा. चित्रात मुंग्या, आवाजात खरखर, तरी माणूस माणसाच्या मांडीवर. आंघोळ करून यायचं, चपला अंगणात. टीव्हीपुढे नारळ, उदबत्ती. खिडक्या लावून घ्यायच्या, नाहीतर उजेडात चित्र दिसत नाही. आणि जाहिरातींचा गठ्ठा आधीच वाजवून टाकलेला असायचा. एकदा सुरू झालं की मध्ये उठायला फट नाही. चुकलं ते चुकलं. परत दाखवत नव्हते, आणि बघायचं दुसरं यंत्र वाडीत नव्हतं. एक रविवार हुकला तर आठवडाभर लोकांकडून ऐकत बसायचं, आणि ऐकलेलं कोणाचं कोणाशी जुळायचं नाही.

उत्तरेच्या दोरावर चुळबुळ सुरू झाली. कोणाची अक्कल होती ते तेव्हा कळलं नाही, पण अक्कल अशी: दोर माडाला बांधू. माड काय हलतोय? तासाभराचा प्रश्न. रामायण बघून येऊ, मग ओढू. मासळी पिशवीत आहे, जाते कुठे? देवाचं काम झालं, पोटाचंही झालं.

रापणीच्या आयुष्यात कोणी जाळं असं माडाला बांधून ठेवलं नव्हतं. बांधायचं मनातही येत नाही, कारण दोर धरणाऱ्या माणसाला पाणी कळतं, ढील द्यायची की ताणायचं ते हातांना कळतं. माडाला काय कळतं?

बापये गेले. दक्षिणेचे म्हातारेही त्यांच्या मागून गेले. दोरावर चार बाया उरल्या. जाळं पाण्यात ताणून उभं राहिलं, ओढ लागतच होती, आणि खाली कुठेतरी खडपाला, बुडालेल्या खडकाला अडकलं. शिवाने पाण्यातून हात वर केला, ढील द्या म्हणून. ढील देणार कोण? माड? मग तो बुडी मारून सोडवायला गेला. तेवढ्यात माडाची गाठ सरकली. उत्तरेची बाजू सपशेल सुटली आणि सगळं जाळं पाण्यात कोसळलं. त्याच्यावर.

मथुरा धावली ती भाईंच्या ओटीवर. दार आतून लावलेलं. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. आतून रामाचं संगीत, आणि कोणीतरी म्हणालं, "गप गो! संपला काय येतत." ती ओरडली, "शिवा जाळ्याखाली आसा!" आतून परत, "शूऽऽ!" तिने दगड घेऊन खिडकी फोडली तेव्हा दार उघडलं. आणि पहिला शब्द आला तो खिडकीबद्दलचा.

जाळं वाळूवर ओढलं तेव्हा शिवा गेलेला होता. संध्याकाळी त्याच जाळ्यातले बांगडे वाटले गेले. मथुराच्या घरी टोपली आली, शिवाचा वाटा म्हणून. तिने ती शेणखळीत उलटी केली. आमच्या वाडीत आजही काही म्हातारे सांगतात, बाईने अन्नाचा अपमान केला. दोराचा अपमान कोणी केला ते सांगत नाहीत.

*

आणि मग गोष्ट फिरली. कशी फिरली म्हणाल तर मासळी सडते तशी, आधी डोळ्यांकडून. बाराव्यालाच कुजबुज आली की शिवा हट्टी होता. महिन्याभरात शिवाने कोणाचं न ऐकता जाळं सोडलं नव्हतं. वर्षाने तो एकटाच पाण्यात उतरला होता, सगळे रामायणाला चला म्हणत असताना. पुढे पुढे तर दर्या शांत होता आणि रामानेच त्याला ओढून नेला. मथुराची मुलगी संचिता शाळेत गेली तेव्हा एका पोराने तिला विचारलं, "तुज्या बापाशीन देवाचा काय केल्लान गो?" पोरगी घरी येऊन आईला तेच विचारायला लागली. मथुराने तिला मारलं. मारायचं होतं दुसऱ्या कोणाला, पण हाताशी पोरगी होती.

लॉकडाऊनमध्ये सरकारी वाहिनीवर तेच रामायण परत लागलं. सकाळी नऊला आणि रात्री नऊला. वाडीत प्रत्येक घरातून एकच आवाज. होड्या वाळूवर, मासळीला गिऱ्हाईक नाही, आणि मथुराच्या कानावर दिवसातून दोनदा तेच संगीत. एके दिवशी शेजारणीने कुंपणावरून ओरडून सांगितलं, "मथुरे, एका रातीक साडेसात कोटी का काय ता लोकांनी बगलानी! जगात कोणी बगूक नाय इतक्यांनी!" आकडा वाहिनीनेच दिला होता, सात कोटी सत्तर लाखांचा, आणि तो खरा की फुगवलेला यावर शहरात भांडणं चालली होती. मथुराला ती भांडणं ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "सात कोटी होते ना? मगे दोरार आणि थोडे कमी." शेजारणीला काही कळलं नाही. ती आत गेली.

*

रविवारी मांडावर मंडप घातला होता. टीव्हीला झेंडूचा हार, पुढे नारळ, बाजूला समई. कार्यक्रम मुद्दाम साडेनऊचा ठेवला होता. भाई खुर्चीत, पांढरा सदरा, हातात काठी. मथुरा शेवटच्या ओळीत बसली, मासळीच्या हातानेच आलेली. दोन बायका नाक मुरडून सरकल्या. बरं झालं, तिला जागा झाली.

कौस्तुभने माईक फिरवायला सुरुवात केली. कॅमेऱ्यात सगळं चित्रित होत होतं. जुन्या माणसांनी आपली आठवण सांगायची.

गुरुप्रसाद उठला. तेव्हा विशीतला पोरगा, आता पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो. "मिया पयल्या वळीत! टीव्हीक चिकटान. माका भाईंनी कान धरून मागे केल्यानी."

हशा. भाईही हसले.

"आणि तो रविवार?" कौस्तुभने विचारलं. त्याने गोष्ट ठरवली होती, त्या गोष्टीकडे तो सगळ्यांना आणत होता. "ज्या रविवारी ती घटना घडली. तेव्हा कुठला भाग होता?"

"सेतूचो!" गुरुप्रसाद म्हणाला. "दगड तरंगतत तो. अंगार काटो इल्लो."

"खुळो काय तू?" मागून बाबू म्हणाला. बाबू सत्तरीचा, हातापायाच्या शिरा दोरासारख्या. "सेतू नाय. लक्ष्मणाक शक्ती लागली तो. मिया रडललंय, माका आठवता."

"तू कदी रडाक नाय होतंस? तू जाहिरातीक पण रडतंस."

परत हशा. भाईंनी काठी वर केली. "दोघव फटी मारतत. हनुमान डोंगर घेवन येता तो भाग. माझ्या घरात टीव्ही, माका ठावक नाय?"

"भाईनू, डोंगर फुडच्या आयतवारी!"

"गप रे! उदबत्ती कोण लावी? मिया लावी."

सगळे मोठ्याने बोलायला लागले. जो तो आपला भाग सांगत होता, कोण कुठे बसला होता, कोणाच्या मांडीवर कोण होता. कौस्तुभ खूश होता. अशी जिवंत फिल्म त्याला फुकट मिळत होती.

मथुरा उठली आणि मधून चालत पुढे आली. माईक तिने मागितला नाही. तिला कधी लागला नव्हता.

"गुरुप्रसादा, तू पयल्या वळीत होतंस ना?"

"होय काकी."

"बाबू, तू रडललंस. थंयच बसान?"

"होय गो, खांबाकडे."

"भाईनू, तुमी उदबत्ती लावलास."

म्हातारा हुशार होता, त्याला वास आला.

"मगे दोरार कोण होतो?"



"खंयचो दोर, आजी?" कौस्तुभ म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"रापणीचो. उत्तरेचो. तुका कोणी सांगूक नाय? माजो घो एकटो गेल्लो म्हणान तू वाचून दाखवलंस ना? एकटो मनीस रापण घालता? एकट्यान रापण घालूची म्हणजे एकट्यान बारसा करूचा! ह्या सगळ्यांनी दोर धरललो. तेंच्या हातात दोर होतो आणि शिवा पाण्यात. मगे ह्येंका रामायणाची येळ झाली. आता बग, प्रत्येकाक भाग आठवता. सेतू, शक्ती, डोंगर. आठवतलोच! माका आठवणा नाय. मिया दोरार होतंय. जेका जेका भाग आठवता, तेणां तेणां दोर सोडललो."

"कॅमेरो बंद कर," भाई म्हणाले.

कौस्तुभने कॅमेऱ्याकडे बघितलं. बंद केला नाही. भीती वाटली म्हणून की हुशारी म्हणून, कोण जाणे.

"कौस्तुभ, बंद कर म्हणून सांगलंय!"

"तुमचा दार बंद होता भाईनू तेवा," मथुरा म्हणाली. "मिया बडवी होतंय. तुमी म्हटलास, गप गो, संपला काय येतत. तुमचो आवाज माका कळणा नाय? मगे खिडकी फुटली तेवा पयलो शबद काय होतो? सांगा ह्या झिलाक. सांगा! 'काच कोण भरून देतलो?'"

"देवाचा चल्ला होता," भाई पुटपुटले. "देवाच्या येळेक..."

"देवाची येळ? देवान साडेनऊ ठरवल्यानी? दिल्लीत बसललो कोण तरी साहेब ठरवता आणि तुमी ती देवाची करतास! रामाक येळेचा पडलला नाय होता. पडलला तुमका. चुकलो तर परत दिसूचो नाय म्हणान! माजो शिवा तरी परत दिसलो?"

बाबू उठला. उठताना त्याने खांब धरला. "दोर मियां बांधललंय," तो म्हणाला. "माडाक. गाठ माजी होती."

"काका, बसा," गुरुप्रसाद म्हणाला.

"नाय बसणा. शिवान हात वर केल्लो. माका दिसललो. मिया म्हटलंय, येतलोच आता, तेका काय, तो मासो आसा."

मथुरा त्याच्याकडे बघत राहिली. लोकांना वाटलं आता बाई रडेल, किंवा त्याच्या खांद्यावर हात ठेवेल.

"इतकी वर्सां खंय होतंस रे मेल्या?" ती म्हणाली. "माज्या चेडवाक शाळेत पोरां चिडवीत होती, तेवा ह्या तोंड तुजा खंय होता?"

"सगळी म्हणी, शिवा एकटो गेलो. मीय तसाच म्हणी."

"बस खाली."

बाबू बसला. तिने त्याला माफ केलं नाही, आणि पुढेही केलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. ज्यांना असल्या गोष्टीत शेवटी गळ्यात गळा लागतो त्यांनी दुसरी वाडी बघावी.

ती कौस्तुभकडे वळली. "तुजा ता लिवलला काढ. बोललंस ना माज्या दारात? काढ आणि नवीन लिव. हयसर. सगळ्यांसमोर."

कौस्तुभने आजोबांकडे बघितलं. भाई काठीकडे बघत होते. त्याने मोबाइलवर टाइप केलं, पुसलं, परत केलं.

"वाच."

"'त्या रविवारी सगळे दोर माडाला बांधून रामायण बघायला गेले...'"

"सगळे नुको. आमी चार बायो दोरार होतंव. तेतुरल्यो दोघी मेल्यो, तेंका फट नुको. उत्तरेचे बापये म्हण."

"'त्या रविवारी उत्तरेच्या दोरावरचे बापये दोर माडाला बांधून रामायण बघायला गेले. शिवा तेव्हा पाण्यात होता. जाळं त्याच्यावर कोसळलं.'" कौस्तुभने पुढची ओळ वाचली. "'तो एकटा गेला नव्हता. त्याला एकटा सोडला.'"

"ह्या रवांदे," मथुरा म्हणाली. "आणि माका दर्याकडे तोंड करून उभी करू नुको. दर्यान काय केल्यान नाय."

भाई उठले. कोणाचा हात न घेता, काठी टेकत ते टीव्हीपर्यंत गेले आणि त्यावरचा हार काढला. पण काढून कुठे ठेवायचा ते त्यांना सुचेना. हार हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. कोणी पुढे झालं नाही. मुंबईकर मंडळाचा अध्यक्ष चहाची व्यवस्था बघायला निघून गेला. अशा वेळी अध्यक्षाला चहाची आठवण होतेच.

मथुराने डोक्यावरचा पदर नीट केला. ऊन मंडपाच्या कापडातून खाली उतरलं होतं. घरी मिठातले बांगडे काढून वाळत घालायचे राहिले होते, आणि कावळ्यांना रविवार सोमवार काही नसतो.

ती आली तेव्हा दोन कावळे टबाच्या कडेवर बसले होते. तिने त्यांना हाकललं, पाणी काढून टाकलं आणि एकेक बांगडा पिळून काथ्याच्या जाळीवर उघडा पसरायला घेतला, कातडी खाली, मांस उन्हाला.